पगारपत्रकावरचा ‘मोहद’

‘मोहद’ नावाचा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. माझा मामेभाऊ. अठरा वर्षं तो पगारपत्रकावर `MOHD SALIM SHEKH` होता आणि हजेरी घेणारा नवा पोऱ्या त्याला ‘मोहद भाई’ म्हणायचा. तोही हसून ‘जी’ म्हणायचा. (नाव बदललंय, पण गुंता अगदी असाच होता.)

2003 साली पिंपरीजवळच्या एका कारखान्यात तो लागला, तेव्हा कारकुनाने तोंडी नाव विचारून रजिस्टरमध्ये उतरवलं. महंमदचा `MOHD` झाला, कारण रकाना छोटा होता. शेख त्याने ऐकला तसाच लिहिला, `SHEKH`. वडिलांच्या नावाची जागा नव्हतीच. पुढे तेच नाव संगणकात गेलं, तिथून भविष्य निर्वाह निधीत गेलं आणि 2014 नंतर यूएएन निघाला तेव्हा त्यावरही तेच आलं. त्याच्या आधारवर मात्र `Shaikh Mohammad Salim Mahebub` असं पूर्ण नाव आहे, शाळेच्या दाखल्यातल्यासारखं, आडनाव आधी.

इतकी वर्षं अडलं नाही, कारण पैसे नावावर नाही, क्रमांकावर जमा होतात. अडलं ते 2021 मध्ये. यूएएन आधारशी जोडला गेल्याशिवाय कंपनीला त्या कामगाराचा भरणा करता येणार नाही, असा नियम लागू झाला. जोडणीसाठी नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावं लागतं. जन्मतारीख जुळली, नाव जुळलं नाही.

त्याला हे कोणी सांगितलं नाही. पगारपत्रकावर दर महिन्याला पीएफची 1,800 रुपयांची कपात व्यवस्थित दिसत होती. त्याचा पीएफ 15,000 रुपयांवर कापला जायचा, त्याचे बारा टक्के. संशय मला आला, तोही सहज, त्याच्या मोबाइलवर पासबुक उघडलं तेव्हा. एरवी प्रत्येक महिन्यासमोर तीन आकडे असायचे: त्याचे 1,800, कंपनीचे 550 आणि पेन्शनकडे गेलेले 1,250. शेवटच्या चार महिन्यांच्या ओळीच नव्हत्या. त्याच्या खिशातून 7,200 रुपये कापले गेले होते आणि खात्यात काहीच पोचलं नव्हतं. ज्यांना आपल्या नावाबद्दल जरा जरी शंका आहे त्यांनी हेच करावं, पगारपत्रकातली कपात आणि पासबुकातली ओळ शेजारी ठेवून पाहावी. आणि यूएएन कार्ड उघडून त्यावर छापलेलं नाव अक्षर अक्षर वाचावं.

मग त्याने वेतन विभागाला पत्र दिलं. ‘कृपया माझे नाव दुरुस्त करावे.’ एका ओळीचं. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकावर `SHAIKH` आलं, आमच्या घरी चहा झाला आणि पीएफ तिथेच अडकून राहिला. कारण पगारपत्रक कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून छापलं जातं, पीएफची नोंद भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संगणकात असते. दोन वेगळी दप्तरं. एकात दुरुस्ती केली म्हणून दुसऱ्यात होत नाही. वेतन विभागाने खोटं काही केलं नाही, जे मागितलं तेवढंच दिलं.

म्हणून दुसरं पत्र मी त्याच्यासोबत बसून लिहिलं. त्याचा गाभा असा होता:

‘आपल्या नोंदीत व पीएफमध्ये माझे नाव `MOHD SALIM SHEKH` असे आहे. आधारप्रमाणे माझे नाव `SHAIKH MOHAMMAD SALIM MAHEBUB` आहे. दोन्ही नावे माझीच आहेत. कृपया (1) कंपनीच्या मूळ नोंदीत हे नाव करावे, म्हणजे पगारपत्रक व फॉर्म 16 वर तेच येईल. (2) पीएफमधील नाव व वडिलांचे नाव `MAHEBUB` दुरुस्त करण्यासाठी संयुक्त घोषणापत्रावर सही करून ते पीएफ कार्यालयाकडे पाठवावे. (3) दुरुस्तीनंतर अडकलेल्या चार महिन्यांचा भरणा करावा व तसे मला लेखी कळवावे. सोबत आधार, पॅन व शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत.’

खाली यूएएन, कर्मचारी क्रमांक, तारीख. दोन प्रती, एकीवर ‘मिळाले’ म्हणून शिक्का. शिक्का मारायला तिथल्या साहेबांनी जरा कुरकुर केली, पण मारला. पुढे दोनदा ‘तुमचं पत्रच आलेलं नाही’ असं ऐकावं लागलं तेव्हा तीच प्रत कामाला आली.

त्या पत्रात सर्वात जास्त वेळ गेला तो कोणतं नाव धरायचं यावर. बाहेरच्या एका एजंटने फार सोपा मार्ग सुचवला होता: आधारच बदला, तिथे `MOHD SALIM SHEKH` करा, एका दिवसात सगळं जुळेल. भाऊ तयारही झाला होता. मी अडवलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि ते बदललं की पॅन, पासपोर्ट, शाळेचा दाखला, मुलांच्या दाखल्यावरचं बापाचं नाव, सगळं चुकीचं ठरतं. कारकुनाने रकान्यात बसावं म्हणून तोडलेलं नाव आपण आपल्या मूळ कागदावर का चढवायचं? आधारवरच चूक असेल तर आधी ते सुधारावं, हे खरं. पण ते बरोबर असताना त्याला चुकीच्या पगारपत्रकाकडे ओढू नये. ओढायचं असेल तर उलट्या दिशेने.

यात आपलाही थोडा दोष आहे. एकाच घरात `Shaikh`, `Sheikh` आणि `Shekh` असे तीन भाऊ असतात आणि कोणाला खटकत नाही. अब्दुल रहीमचा नुसता ‘अब्दुल’ होतो, म्हणजे अर्थाने अर्धवट तुटलेला, आणि आपण ‘चालतंय’ म्हणतो. बायकांच्या नावापुढचं ‘बी’ कधी असतं, कधी नसतं. कचेरीत मात्र ते अक्षर असणं आणि नसणं म्हणजे दोन बाया. नामनिर्देशनात पत्नीचं नाव लिहिताना हे ‘बी’ तिच्या आधारशी ताडून पाहिलेलं बरं. नाहीतर नवरा गेल्यावर तिला आपण तीच आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं.

आता वाट थोडी सोपी झाली आहे. जानेवारी 2025 पासून, ज्यांचा यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतर निघालेला आणि आधारशी जोडलेला आहे ते नाव, वडिलांचं नाव वगैरे स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करू शकतात, कंपनीची मंजुरी लागत नाही. त्याआधीचा यूएएन असेल तर कंपनीकडूनच करावं लागतं, पण पुढे पीएफ कार्यालयाच्या मंजुरीची गरज नाही. आधारशी जोडलेलाच नसेल तर माझ्या भावासारखं कागदावरचं घोषणापत्र, कंपनीची सही आणि कार्यालयाची तपासणी. म्हणजे जुन्या कामगाराला कंपनी लागतेच. माझं म्हणणं एवढ्यासाठीच की नोकरीत असताना, सही करणारा माणूस त्याच इमारतीत बसलेला असताना हे पत्र द्यावं. निवृत्तीनंतर किंवा कारखान्याला टाळं लागल्यावर ती सही शोधायला वर्षं जातात.

भावाची दुरुस्ती व्हायला पाच महिने लागले. चार महिन्यांचे अडकलेले पैसे त्यानंतर एकदम आले, पासबुकात चार ओळी एकाखाली एक. त्या दिवशी त्याने मला स्क्रीनचा फोटो पाठवला, वर नाव होतं `SHAIKH MOHAMMAD SALIM MAHEBUB`. गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र अजून `MOHD` आहे. ते सुरक्षा विभाग छापतो. त्यांनी वेगळं पत्र मागितलंय.