शाळेच्या फाटकाबाहेरची पाटी नेमकी कोणाशी बोलते?

दरवर्षी ३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन होतो आणि पंधरा दिवसांत शाळा उघडतात. त्या सुमारास अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या शाळांच्या भिंतींवर तंबाखूविरोधी घोषवाक्ये पुन्हा रंगवली जातात. तुमचा मुलगा किंवा मुलगी आठवी ते दहावीत असेल, तर या पाट्या एकदा त्यांच्या नजरेने वाचून बघा.

एक पाटी कायद्याने लागते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा गुन्हा आहे, असे ती सांगते. ती बोलते टपरीवाल्याशी. दुसरी पाटी असते ‘तंबाखू सोडा, जीवन वाचवा’ अशा धर्तीची. जो मुलगा तंबाखू खातच नाही, त्याने काय सोडायचे? आणि जो मित्रांबरोबर मावा चघळू लागला आहे, त्याला तीस वर्षांनंतरचा कॅन्सर आज दिसत नाही. म्हणजे दोन पाट्या आहेत, पण विद्यार्थ्याशी बोलणारी एकही नाही.

आधी क्रियापद बघा

आपली बहुतेक घोषवाक्ये आज्ञार्थी असतात: सोडा, टाळा, दूर राहा. चौदा-पंधरा वर्षांचे मूल दिवसभर अशाच आज्ञा ऐकत असते. त्यात आणखी एक आली की ती वाचलीच जात नाही, किंवा मुद्दाम मोडावीशी वाटते.

अमेरिकेत याचा चांगला अनुभव आहे. फ्लोरिडा राज्यात १९९८ मध्ये ‘ट्रुथ’ नावाची मोहीम सुरू झाली आणि २००० मध्ये ती देशभर गेली. तिने मुलांना ‘ओढू नका’ म्हटले नाही. सिगारेट कंपन्या गिऱ्हाईक कसे मिळवतात, एवढेच दाखवले. त्याच काळात फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी स्वतः ‘विचार करा, सिगारेट ओढू नका’ अशा जाहिराती करत होती. दोन्ही मोहिमा पाहिलेल्या मुलांची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘ट्रुथ’ पाहिलेल्यांचे मत तंबाखूविरुद्ध पक्के झालेले दिसले. कंपनीचा उपदेश पाहिलेली मुले मात्र पुढे सिगारेट ओढण्याकडे थोडी जास्तच झुकलेली आढळली.

ही युक्ती आपल्याकडे वापरायची तर पाटी अशी होईल:

*‘जाहिरातीतल्या हिरोला पैसे मिळतात. पुडीचे पैसे तुझे जातात.’*

यात आज्ञा नाही आणि शिव्याही नाहीत. पानमसाल्याच्या जाहिराती मुलांनी पाहिलेल्या असतात. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकतात, हेही त्यांना ठाऊक असते. निष्कर्ष ती स्वतः काढतात, म्हणून तो त्यांचा राहतो.

स्वतः तपासता येईल अशी पाटी

कॅन्सरने सडलेल्या तोंडाचे चित्र पुडीच्या ८५ टक्के भागावर असतेच. तेच फाटकावर मोठे करून लावल्याने मुलाला नवीन काही कळत नाही. त्याला आज, स्वतःवर पडताळून पाहता येईल असे काही द्या. आपल्या किनाऱ्यासाठी मी हे वाक्य सुचवेन:

*‘तीन बोटं उभी तोंडात जातात का? बघ.’*

खाली लहान अक्षरात: *‘सुपारी, मावा, गुटखा यांनी गाल आतून ताठ होतात. बोटं जात नसतील तर डॉक्टरांना दाखव. कोणी ओरडणार नाही.’*

यामागचे वैद्यकीय कारण असे. सुपारी सतत चघळल्याने गालाच्या आतल्या थरात तंतू साठत जातात. आधी तिखट झोंबू लागते. मग गालाची आतली बाजू फिकट पांढरी पडते आणि ताठ पट्टे हाताला लागतात. पुढे तोंड पूर्ण उघडेनासे होते. एकदा तयार झालेले पट्टे सहसा पूर्ववत होत नाहीत, पण सुपारी लवकर थांबवली तर आजार वाढण्याचे टळू शकते. अशा तोंडात कॅन्सरचा धोकाही जास्त असतो. हे सगळे तंबाखू नसलेल्या सुपारीनेही होते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कॅन्सरकारक ठरवले आहे.

तपासणी सोपी आहे. हात धुवून स्वतःची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये उभी धरायची. बहुतेकांची तिन्ही जातात. न गेली तर लगेच सुपारीचा आजार समजू नका. अक्कलदाढ किंवा जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यानेही तोंड कमी उघडते. डॉक्टर किंवा दंतवैद्य मोजून, गाल चाचपून सांगतात. आणि तिन्ही बोटे गेली म्हणजे मावा चालतो असेही नाही. सुरुवातीच्या काळात तोंड नीट उघडते.

घरच्यांचा अपमान नको

आपल्याकडे कितीतरी घरांत आजी मशेरी लावते आणि वडील तंबाखू मळतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे साधारण एक जण धूरविरहित तंबाखू घेत होता. ‘तंबाखू खाणारा मूर्ख’ असे लिहिले की मूल आधी आपल्या माणसांची बाजू घेते. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर अनेक घरांचे उत्पन्न आहे. बागायतदाराचे मूल त्याच फाटकातून आत जाते. म्हणून पाटीने पदार्थ तोंडात काय करतो ते सांगावे. खाणाऱ्याबद्दल किंवा पिकवणाऱ्याबद्दल बोलू नये.

लावण्याआधी विचारा

वाक्य ठरले की नववीच्या पाच-सहा मुलामुलींना दाखवा. ‘आवडलं का?’ विचारू नका. ती ‘हो’च म्हणतील. ‘हे कोण बोलतंय असं वाटतं?’ असे विचारा. उत्तर ‘सर’ किंवा ‘बाबा’ आले, तर वाक्य बदला. मग विचारा, ‘यातलं खोटं काय वाटतं?’ एक अतिशयोक्ती सापडली की मुले बाकीचेही सोडून देतात. ‘एका पुडीने कॅन्सर’ असे म्हणूच नये. वाक्य सात-आठ शब्दांचे असावे, कारण ते सायकलवरून वाचायचे असते. पुडीचे किंवा सिगारेटचे चित्रही नको. ज्याला सवय लागली आहे, त्याला ते बघून तलफ येते.

पाटी काय करू शकत नाही

निकोटिनची ओढ काही मुलांमध्ये रोज घेण्याआधीच, काही आठवड्यांत लागते. त्यांना कितीही चांगले वाक्य पुरणार नाही. त्यांच्यासाठी पाटीच्या तळाशी राष्ट्रीय मोफत मदतवाहिनीचा क्रमांक द्या: १८००-११-२३५६.

आणि फाटकातून टपरीकडे चालत जाऊन बघा. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, मोठ्या माणसाची साधारण १२० पावले. टपरी त्याआधीच आली, तर मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांकडे लेखी तक्रार करा. तंबाखू कायद्यातला दंड जेमतेम २०० रुपयांपर्यंत आहे. पण अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीत त्या कलमाचा उल्लेख करा.

घरी मात्र आज रात्री एवढेच करा. तीन बोटांची तपासणी मुलाला सांगण्याआधी स्वतःवर करा, त्याच्यासमोर.