टिक म्हणजे ‘हो’ नव्हे : फॉर्मवरून एक्सेल भरण्याचं काम घेताय?

अंबाडी नाक्यावर झेरॉक्स-स्कॅनरचं दुकान टाकून फॉर्मची डेटा एंट्री घ्यायची, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. माझं मत स्पष्ट आहे: या कामात टायपिंगचा वेग दुय्यम, खरी किंमत चौकोनातली टिक नीट उतरवण्याला आहे.

उदाहरण 2024 च्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेच्या हमीपत्राचं घेऊ. त्यातली वाक्यं नकारार्थी होती: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नाही, कुटुंबात कोणी आयकरदाता नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नाही. समजा एका ताईंनी पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यापुढे टिक केली, दुसरा चौकोन रिकामा सोडला.

आता तुम्ही कॉलमला नुसतं ‘आयकर’ नाव दिलंत, की घोळ झालाच. टिक असेल तिथे ऑपरेटर ‘हो’ लिहितो आणि बाई आयकरदाती ठरते. रिकामं असेल तिथे ‘नाही’ लिहितो, म्हणजे तिने न दिलेली हमी दिल्यासारखी दिसते. दोन्ही उत्तरं उलटी! म्हणून कॉलमचं नाव फॉर्मवरच्या वाक्यासारखंच ठेवा: ‘आयकरदाता नाही’. आणि ‘हो/नाही’ लिहूच नका. फक्त दिसतं ते लिहा: टिक आहे तर 1, चौकोन रिकामा तर 0, खाडाखोड किंवा दोन चौकोनांच्या मधे पडलेली टिक असेल तर 9. या ताईंची ओळ होईल 1, 0, 1. त्या 0 चा अर्थ काय लावायचा, हे काम देणाऱ्याने ठरवायचं, आपण नाही.

हे तीन कॉलम C, D, E मध्ये असतील तर पुढच्या रकान्यात हे सूत्र टाका:

```
=IF(COUNTIF(C2:E2,9)>0,"तपासा","ठीक")
```

‘तपासा’ आलेले फॉर्म दुसऱ्या माणसाने मूळ कागदावरून बघायचे. स्कॅनवरून नको, कारण फिकट पेन्सिलची टिक स्कॅनमध्ये उडू शकते आणि मागच्या पानाची शाई टिकेसारखी दिसू शकते. याच कारणाने काही 0 सुद्धा कागदाशी ताडून बघा.

भरलेल्या रकान्यांबद्दल एकच सांगतो. खाते क्रमांकाचा कॉलम टाइप करण्याआधीच ‘Text’ करून ठेवा. नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं, आणि 15 च्या पुढचे आकडे शून्य करून टाकतं. नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत.

म्हणून दर सांगताना प्रति फॉर्म एकच आकडा सांगू नका. साध्या ओळीचा दर वेगळा आणि ‘तपासा’ ओळीचा वेगळा सांगा. एकच दर घेतलात, तर शंकेचा फॉर्म तपासणं म्हणजे तुमचं नुकसान, आणि मग तुमचाच माणूस 9 च्या जागी अंदाजाने 1 टाकायला लागेल.