आवाज बंद, तरी तांदूळ विकला गेला पाहिजे

मित्रांनो, आपल्या बहुतेक व्हिडिओंची पहिली पाच सेकंदं "नमस्कार, मी अमुक, आपलं स्वागत आहे" यातच जातात. माझं स्पष्ट मत आहे, हे काढून टाका. फेसबुकवर स्क्रोल करताना व्हिडिओ बहुधा मुका चालू होतो. माणूस एसटीत बसलेला असतो नाहीतर दुकानात. त्याला फक्त तुमचे हलणारे ओठ दिसतात.

आपल्या गोरेगावातलाच धंदा धरू: जुना तांदूळ. सुरुवात ताटातल्या गरम भाताने करा. वाफ निघतेय, चमच्याने उचलला की दाणे सुटे पडतात. वर पाटी: "भात चिकट होतो?" पुढे दोन वाट्या शेजारी ठेवा, एकीत नव्या तांदळाचा भात, दुसरीत वर्षभर जुन्याचा. दोन्हींवर नाव लिहा आणि दोन्ही चमच्याने दाबून दाखवा. फरक डोळ्यांना दिसतोच, "आमचा भात मोकळा होतो" हे वेगळं लिहायची गरज नाही. जे दिसत नाही तेच लिहायचं: किती जुना, किलोचा भाव काय, घरपोच मिळतो का. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'लाही आवाज नव्हता. गोष्ट अभिनयातून चालायची आणि मधूनमधून लिखित पाट्या यायच्या.

आता पाटीचं. एका वेळी चार-पाच शब्द पुरेत. मनात सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत ती हलवू नका. लिहिणाऱ्याला ती लवकर वाचून होते, कारण त्याला मजकूर आधीच माहीत असतो! पांढऱ्या तांदळावर पांढरी अक्षरं तर हमखास गायब होतात, मागे गडद पट्टी द्या. मजकूर अगदी खाली नको, रील्समध्ये तिथे खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे बटणं असतात. काही ॲपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी कापली जाते. म्हणून सेव्ह केलेली फाइल मोबाईलवर उघडून बघा, एडिटिंगच्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका. आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये गावांची आणि वाणांची नावं चुकतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात.

आणि पत्ता! नुसतं "गोरेगाव" लिहिलंत तर बाहेरचा माणूस मुंबईचंच समजणार. "गोरेगाव, जि. गोंदिया" असं लिहा, खाली फोन नंबर, आणि ही शेवटची पाटी चार सेकंद तरी ठेवा, म्हणजे स्क्रीनशॉट घेता येतो.

सगळंच मुक्याने जमत नाही, हेही खरं. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने अनुभव सांगतंय, तिथे आवाजच लागतो. अशा वेळी त्याचं एकच वाक्य पाटीवर घ्या आणि बाजूला स्पीकरचं चिन्ह ठेवा.

टाकण्याआधी फोन म्यूट करून शेजारच्या काकूंना द्या. बघून झालं की विचारा, "काय विकतोय, कितीला, कुठे?" ज्याचं उत्तर येणार नाही, ती पाटी परत करा.