पाटीवर आधी नकार असायचा

दुकानांच्या दुपारच्या सुट्टीवर लिहिलेल्या माझ्या लेखाला आलेल्या पत्रांत एक तक्रार इतक्या जणांनी केली आहे, की या आठवड्यात दुसरा विषय घेणे जमले नाही. त्यातले एक पत्र धानोरीच्या वाचक बाईंचे. मिक्सरचे भांडे पिशवीत घालून त्या रिक्षाने विश्रांतवाडीला आल्या. दुपारचे अडीच वाजले होते. फोनवर दुकानाच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत ‘उघडे आहे’ असे दिसत होते आणि समोर शटर खाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितले, ‘ते एक ते चार घरी जातात, सगळ्यांना ठाऊक आहे.’ बाईंनी लिहिले आहे, ‘बंद असल्याचे काही वाटले नाही. उघडे आहे असे सांगितले, त्याचा राग आला.’ मला हे वाक्य पटले, म्हणून मी त्या दुकानात जाऊन आलो.

दुकानदार भला माणूस आहे. मिक्सर, कुकर, शेगडी दुरुस्त करतो आणि हाताला चांगले वळण आहे. शटरच्या वर एक जुनी पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे: वेळ सकाळी १० ते १, दुपारी ४ ते ८॥. मंगळवारी बंद. मायक्रोवेव्ह व फ्रिज दुरुस्त होत नाही. खर्च आधी विचारावा. आमची दुसरी शाखा नाही.

आणि गूगलवरचे त्याच दुकानाचे प्रोफाइल? वेळ : चोवीस तास. पत्ता : विश्रांतवाडी, पुणे ४११०१५. संकेतस्थळ : दाबले की पान सापडत नाही. वर्णन : ‘पुण्यातील सर्वोत्तम, विश्वासार्ह, तत्पर सेवा, एकदा भेट द्या.’ चार रकाने आणि चारही बिनकामाचे. दुकानदाराने यातला एकही शब्द लिहिलेला नाही. भाच्याने कधीतरी हौसेने भरून दिले, मग तो नोकरीला लागला.

पाटी आणि प्रोफाइल दोन्ही एकाच दुकानाची, पण पाटी वाचून माणूस दुकानावर विश्वास ठेवतो आणि प्रोफाइल वाचून ठेवत नाही. पाटीवरची जवळजवळ प्रत्येक ओळ नकार आहे. एक ते चार नाही, मंगळवारी नाही, फ्रिज नाही, शाखा नाही. ज्या दुकानदाराला आपण काय करत नाही हे ठाऊक आहे, तो जे करतो म्हणतो ते करणारच, असा हिशेब गिऱ्हाईक मनात मांडते. पुणेरी पाट्यांची आजवर पुष्कळ थट्टा झाली. मला मात्र त्या नेहमीच प्रामाणिक जाहिरातीचा उत्तम नमुना वाटत आल्या आहेत. चोवीस तास उघडे आणि सगळ्यात सर्वोत्तम असलेल्या दुकानाबद्दल गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही.

चितळे बंधूंची दुपारची सुट्टी शहरभर माहीत होती, कारण ती पाळली जायची. २०१७ च्या जुलैत त्यांनी दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. वेळ बदलली तर ती गावाला सांगायची असते, एवढे तरी त्या बातमीवरून लहान दुकानदारांनी घ्यायला हवे होते. त्याच वर्षी राज्याचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा आला आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याची जुनी सक्ती गेली. कामगाराला साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते, दुकान मात्र सातही दिवस उघडे राहू शकते. म्हणजे पूर्वी पेठेचा वार ठरलेला असे आणि लोकांना तो पाठ असे. आता कोण कधी बंद हे दुकानागणिक वेगळे. न सांगता कळण्याचे दिवस गेले. दुपारी झोपणाऱ्या दुकानदाराचे दुकान जास्त टिकते, हे माझे जुने मत आहे. आकडे माझ्याकडे नाहीत, तरी मत बदललेले नाही.

आता भाच्याने चोवीस तास का लिहिले? निव्वळ आळसाने नव्हे. शोधणाऱ्याला त्या क्षणी उघडी असलेली दुकाने आधी दाखवण्याकडे गूगलचा कल असतो, हे २०२३ च्या अखेरीस त्या कंपनीच्या लोकांनीच मान्य केले. त्यानंतर ‘चोवीस तास टाका, वर याल’ असा सल्ला बाजारात फिरू लागला. वर येतही असतील. पण वर येऊन बंद शटर दाखवायचे, आणि मग त्या शटरचा फोटो काढून एक तारा देणारे गिऱ्हाईक ओढवून घ्यायचे, यात कमाई कसली?

आम्ही दोघांनी दुकानातच बसून वेळ बदलली. त्याआधी एक अडचण निघाली : प्रोफाइल भाच्याच्या खात्यावर होते. असे असेल तर मालकीची विनंती पाठवता येते आणि आधीच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. इथे भाचाच असल्याने फोनवर काम झाले. त्याने मामांना मालक म्हणून जोडले. ज्यांचे प्रोफाइल एखाद्या जाहिरात करणाऱ्याच्या ताब्यात आहे, त्यांनी हे काम आधी करावे. बाकीचे सगळे त्यानंतर.

मालक झाल्यावर त्या खात्यातून गूगलवर आपल्याच दुकानाचे नाव शोधले, की `Edit profile` दिसते. त्यात वेळेच्या जागी एकाच वाराला दोन तुकडे देता येतात, हे फार जणांना ठाऊकच नसते. पहिला तुकडा १० ते १, मग अधिकच्या खुणेवर दाबून दुसरा तुकडा ४ ते ८.३०. मंगळवार बंद. एवढे केले की दुपारी अडीचला ‘बंद आहे, ४ वाजता उघडेल’ असे आपोआप दिसते. धानोरीहून निघण्याआधी बाईंना एवढेच हवे होते.

पत्त्यात फक्त विश्रांतवाडी आणि पिन लिहून काही साधत नाही. धानोरी, दिघी यांचाही पिन ४११०१५ च आहे. गाळा क्रमांक, इमारतीचे नाव, रस्ता आणि मग विश्रांतवाडी, या क्रमाने लिहावे. त्याहून महत्त्वाची नकाशावरची खूण. आळंदी रस्ता मधोमध दुभागलेला आहे. खूण रस्त्याच्या पलीकडे पडली, तर गाडीवाल्याला पुढच्या वळणापर्यंत जाऊन उलटे यावे लागते, आणि तो दुकानदारालाच शिव्या देतो. या दुकानाची खूण सरळ चौकात होती, म्हणजे आळंदी, धानोरी आणि विमानतळाकडचे रस्ते जिथे मिळतात तिथे. ती बोटाने सरकवून नेमकी शटरवर आणली. मोठी हालचाल केली की गूगल पडताळणी मागू शकते. बहुतेक वेळा रस्ता, पाटी आणि दुकानाचे आतले रूप सलग दाखवणारे चलचित्र काढून द्यावे लागते. पत्र्याची पाटी इथेही कामाला येते, कारण पाटीवरचे नाव आणि प्रोफाइलवरचे नाव जुळते का, हे त्यात दिसते. म्हणून नावाच्या पुढे ‘मिक्सर रिपेअर विश्रांतवाडी बेस्ट’ असली शेपूट जोडू नये. नियमात ते बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकते.

संकेतस्थळाचा घोळ तर सार्वत्रिक आहे. प्रोफाइलवरूनच बनणारी, शेवटी business.site असणारी फुकटची पाने अनेकांनी घेतली होती. गूगलने ती २०२४ च्या मार्चमध्ये बंद केली, जूनपर्यंत गिऱ्हाइकाला प्रोफाइलकडे वळवले आणि नंतर तेही थांबले. ते पत्ते अजून पिशव्यांवर आणि पावत्यांवर छापले जात आहेत. या दुकानाला संकेतस्थळाची गरजच नाही, म्हणून तो रकाना आम्ही रिकामा केला. रिकाम्या रकान्याने कुणाचे बिघडत नाही. मेलेला दुवा मात्र दुकानच बंद पडले की काय अशी शंका आणतो.

वर्णनावर सगळ्यात जास्त वेळ गेला. ७५० अक्षरांची मर्यादा आहे, पण उघडल्याबरोबर दिसतात त्या पहिल्या एकदोन ओळी, त्यामुळे कामाचे आधी लिहावे लागते. दुवे आणि सवलतीच्या घोषणा तिथे चालत नाहीत. मी दुकानदाराला म्हटले, ‘मामा, गिऱ्हाईक आल्यावर तुम्ही काय सांगता तेच बोला, मी लिहितो.’ ते बोलले ते असे:

‘मिक्सर, कुकर आणि गॅसची शेगडी दुरुस्त करतो. मिक्सरच्या भांड्याचे पाते, बुश, कपलर आणि मोटरचे कार्बन ब्रश बहुधा त्याच दिवशी बदलून मिळतात. मोटर भरायची असेल तर दोन दिवस लागतात. कुकरची रिंग किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायला येताना झाकण सोबत आणावे. खर्च आधी सांगतो, पटला तरच खोलतो. मायक्रोवेव्ह आणि फ्रिज घेत नाही. आमची दुसरी शाखा नाही.’

यात ‘विश्वासार्ह’ हा शब्द कुठेही आलेला नाही. झाकण सोबत आणा, हे वाचणारा माणूस मात्र ओळखतो, की लिहिणाऱ्याने शेकडो कुकर हाताळले आहेत. ‘सर्वोत्तम’ लिहायला कुकर हाताळावा लागत नाही.

व्हॉट्सॲपच्या धंद्याच्या ॲपमध्येही वेळ, पत्ता, संकेतस्थळ आणि वर्णन हेच रकाने आहेत. तिथे आम्ही तीच वेळ टाकली. एका ठिकाणी ८.३० आणि दुसऱ्या ठिकाणी ९ असेल, तर गिऱ्हाईक दोन्हींवरचा विश्वास सोडते. गूगलवर तर अनोळखी लोकही बदल सुचवू शकतात आणि ते कधी कधी लागूही होतात. आत गेल्यावर असे बदल वेगळे दाखवले जातात. मान्य करायचे की परत फिरवायचे हे मालकाने ठरवायचे. महिन्यातून एकदा दुकान झाडताना तेवढे बघावे.

सणांचे म्हणाल, तर दिवाळीसारख्या सुट्टीला वेळ वेगळी असू शकते अशी सूचना गूगल स्वतःच दाखवते, आणि दुकानदाराने नेहमीचीच वेळ पुन्हा पक्की केली तरी ती सूचना जाते. पण आपल्या भागातला मोठा दिवस पंचांगातल्या सरकारी सुट्टीत येत नाही. आळंदीहून प्रस्थान झाल्यावर दुसऱ्या दिवशी माउलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत येते, रस्ता गाड्यांना बंद असतो आणि वारकऱ्यांना पाणी द्यायला अर्धी विश्रांतवाडी दारात उभी असते. त्या दिवशीची वेळ `Special hours` मध्ये तारीख घालून स्वतःच टाकावी लागते. मामा म्हणाले, ‘पण मी त्या दिवशी दुकान उघडतो. चहा ठेवतो. काम घेत नाही.’ याला प्रोफाइलमध्ये रकाना नाही. बरीच चर्चा होऊन त्या तारखेला ‘बंद’ लिहायचे ठरले, आणि व्हॉट्सॲपवर त्या दिवसापुरता आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवला : ‘आज पालखी आहे. दुरुस्ती उद्या सकाळी १० पासून. चहाला या.’