पाकिटे मोजली, सोने कोणी मोजायचे?

घरातील सोने गहाण ठेवण्याची वेळ कोणावर सुखाने येत नाही. मुलाचे महाविद्यालयीन शुल्क, अवेळी पावसाने बुडालेले पीक, रुग्णालयाचे देयक अशा एखाद्या निकडीपोटी गृहिणी आपले स्त्रीधन काढून देते. आपला दागिना तिजोरीत जसाच्या तसा राहील आणि दुर्दैवाने विकावा लागलाच, तर त्याची खरी किंमत धरली जाईल, हा तिचा विश्वास असतो. हा विश्वास राखला जातो की नाही, हे पाहणे हेच लेखापरीक्षणाचे प्रयोजन. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी लेखापरीक्षण म्हणजे तिजोरी उघडणे, पाकिटे मोजणे, नोंदवहीशी आकडा जुळवणे आणि स्वाक्षरी करणे, एवढेच उरले आहे. पाकिटांची संख्या जुळली म्हणजे सोने जुळले, हा भ्रम ठरतो.

या भ्रमाचा भोपळा रिझर्व्ह बँकेनेच फोडला. 4 मार्च 2024 रोजी आयआयएफएल फायनान्स या मोठ्या वित्तसंस्थेला नवी सोनेतारण कर्जे देण्यास तिने तत्काळ मनाई केली. त्यामागील कारणांत पहिलेच कारण मोठे बोलके होते. कर्ज देताना आणि पुढे थकबाकीपोटी लिलाव करताना सोन्याची शुद्धता व निव्वळ वजन ठरवण्यात व प्रमाणित करण्यात गंभीर तफावती आढळल्या होत्या. लिलावाच्या विहित पद्धतीचे उल्लंघन, मर्यादेबाहेरील रोख व्यवहार आणि ग्राहकांवरील आकारांतील अपारदर्शकता हेही आक्षेप होते. विशेष लेखापरीक्षण व सुधारणांनंतर 19 सप्टेंबर 2024 रोजी ही मनाई उठली. पण हा दोष एकाच घरचा नव्हता. त्याच महिन्याच्या 30 तारखेला रिझर्व्ह बँकेने सर्वच सोनेतारण कर्जदात्या संस्थांना उद्देशून परिपत्रक काढले. ग्राहकाच्या अनुपस्थितीत होणारे मूल्यांकन आणि लिलावातील अपारदर्शकता यांवर त्यात स्पष्ट बोट ठेवले होते.

दोन वेळच्या मापांत तफावत म्हणजे नेमके काय, हे एका कल्पित हिशेबाने पाहू. एका भगिनीने कोल्हापुरी साज तारण ठेवला. एकूण वजन 48 ग्रॅम. त्यातील लाख, खडे व दोरा यांचे 8 ग्रॅम वजा जाता निव्वळ सोने 40 ग्रॅम, कस 22 कॅरेट. ग्रॅमला 9,000 रुपये भाव धरल्यास किंमत 3,60,000 रुपये होते. तिने वार्षिक 18 टक्के दराने 2,50,000 रुपये उचलले. सोळा महिन्यांचे व्याज 60,000 आणि सूचना व लिलावाचा खर्च 5,000 धरता देणे 3,15,000 झाले. सोन्याचा भाव तोच राहिला आणि साज खऱ्या किमतीस विकला गेला, तर तिला 45,000 रुपये परत मिळावयास हवेत.

आता लिलावाच्या नोंदीत त्याच साजाचे निव्वळ वजन 38 ग्रॅम आणि कस 20 कॅरेट लिहिला गेला असे समजा. किंमत सुमारे 3,10,900 रुपयांवर येते. 45,000 रुपये परत मिळणे दूरच, उलट तिच्याच नावे चार हजारांची बाकी निघते! लाख दोन ग्रॅमने जड ठरली आणि कस दोन कॅरेटने उतरला, बाकी काहीही घडले नाही. पाकिटाची संख्या मात्र अखेरपर्यंत एकच होती आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात सारे आलबेल होते.

तिजोरीतील सोने आपोआप हलके होत नाही की त्याचा कसही उतरत नाही. म्हणून या दोन नोंदींपैकी एक निश्चितच खोटी असते. कर्ज देताना कस फुगवला असेल, तर संस्थेच्या ठेवीदारांची व भागधारकांची फसवणूक होते. लिलावात तो उतरवला असेल, तर कर्जदाराची लूट होते. आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतील, तर मधल्या काळात तिजोरीतील दागिनाच बदलला गेला आहे. या तिन्ही शक्यता उघड करणारी परीक्षा एकच आहे. एकाच पाकिटाचे मूल्यांकनाचे प्रमाणपत्र, तिजोरीतील प्रत्यक्ष वजन आणि लिलावाची नोंद ही तीन कागदे शेजारी शेजारी ठेवून पाहणे. जे लेखापरीक्षण ही तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तक्त्यांत तपासते, ते मुद्द्यालाच बगल देते.

मूल्यांककाचे स्थानही येथे विचारात घ्यावे लागते. बहुधा एकच सराफ शाखेतील सर्व दागिन्यांना कस लावतो, त्याचे उत्पन्न मंजूर होणाऱ्या कर्जांवर अवलंबून असते आणि फेरतपासणीलाही त्यालाच बोलावले जाते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार! यंत्र आणले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कॅरेटमीटर केवळ पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचतो. जाड मुलामा दिलेली बनावट बांगडी त्याला सहज चकवते. पाण्यात तोलून घनता काढण्याची पद्धत भरीव दागिन्यास उपयोगी, पण लाख भरलेल्या साजास किंवा खडे जडवलेल्या हारास निरुपयोगी. म्हणून कसोटीचा दगड, यंत्र आणि अनुभवी नजर या तिन्हींचा मेळ लागतो, आणि फेरतपासणीचा सराफ परगावचा असावा लागतो. कोणती पाकिटे उघडायची हे शाखाधिकाऱ्याने नव्हे, तर लेखापरीक्षकाने आयत्या वेळी ठरवावे. आधी बंद पाकीट तोलून नोंदीशी ताडावे, सीलचा क्रमांक पाहावा, मगच सील तोडावे. आणि नव्या सीलचा क्रमांक दोन्ही किल्लीधारकांच्या स्वाक्षरीने नोंदवावा.

एवढा वेळ व खर्च परवडत नाही, अर्ध्या तासात कर्ज हवे असा ग्राहकाचाच आग्रह असतो, असे संस्थांचे म्हणणे आहे. पण घाई कर्ज देतानाची असते. लिलावाला तर महिनोन्महिने असतात. लिलावापूर्वी निदान त्या पाकिटांचा कस पुन्हा लावून तो मूळ प्रमाणपत्राशी ताडण्यास कोणती घाई आड येते?

6 जून 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या निर्देशांनी ही दिशा दिली आहे. त्यांच्या पालनासाठी 1 एप्रिल 2026 ही अंतिम तारीख होती. त्यांनुसार कस लावताना कर्जदार समोर असला पाहिजे. शुद्धता, एकूण वजन, निव्वळ वजन, वजावटी आणि दागिन्याचे छायाचित्र असलेल्या प्रमाणपत्राची एक प्रत त्याला मिळाली पाहिजे. लिलावाची राखीव किंमत चालू मूल्याच्या 90 टक्क्यांखाली नेता येत नाही. दोन लिलाव फसल्यावरच ती 85 टक्क्यांपर्यंत उतरवता येते. संस्थेला स्वतःच्या लिलावात बोली लावता येत नाही आणि वरकड रक्कम सात कामकाजाच्या दिवसांत परत करावी लागते.

मात्र येथेच पळवाटही आहे. 90 टक्के कशाचे? नोंदीत कसच उतरवला, तर राखीव किंमतही आपोआप उतरते. आपल्या उदाहरणात ती 3,24,000 ऐवजी सुमारे 2,79,800 होईल आणि नियम मात्र अक्षरशः पाळलेला दिसेल! म्हणून लिलावाचे मूल्य मूळ प्रमाणपत्रातील वजन व कसावरच काढावे. त्यात फरक पडला, तर लिलाव थांबवून लेखापरीक्षकाने कारण लेखी द्यावे आणि त्याची प्रत कर्जदाराला मिळावी, असा दंडक हवा.

तोवर सर्वांत खरा लेखापरीक्षक त्या प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवणारी गृहिणीच. शेजारपाजारच्या कोणाबरोबर सोनेतारणासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्याने ती प्रत हाती पडल्याखेरीज उठू नये. लाखेचे वजन किती धरले, हे तिथल्या तिथे विचारावे. आणि लिलावाची सूचना आली, तर तिच्यातील ग्रॅम व कॅरेट त्या प्रतीशी ताडून पाहावेत. जी तपासणी संस्थेचा लेखापरीक्षक करत नाही, ती या एका कागदाने होऊ शकते.