अब्बांची वही

जनाजाच्या नमाजसाठी सफा लागल्या की इमामसाहेब मागे वळून विचारतात, "मरहूमचे वारस कोण?" मांजर्लीच्या घरातून अब्बांचा जनाजा निघाला त्या दिवशी या प्रश्नाला मी पुढे झालो. आपल्याकडे अशा वेळी भाषण करण्याची रीत नाही. मुलाने दोनच वाक्ये बोलायची असतात. अब्बांकडे कोणाचे देणे राहिले असेल तर माझ्याकडून घ्यावे, आणि त्यांनी कोणाचे मन दुखावले असेल तर अल्लाहसाठी माफ करावे. इतकी वर्षे वर्गात बोलून पोट भरतो मी, पण दुसऱ्या वाक्याला माझा आवाज बसला.

ही रीत उगाच पडलेली नाही. सहीह बुखारीत प्रसंग आहे. प्रेषितांसमोर (स.) एक जनाजा आणला गेला. मयतावर तीन दिनारांचे कर्ज होते आणि मागे काहीच उरले नव्हते. तेव्हा प्रेषितांनी सोबत्यांना नमाज पढायला सांगितले, स्वतः मात्र पुढे झाले नाहीत. अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज अंगावर घेतले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. शहिदाचेही कर्ज माफ होत नाही, असे हदीसमध्ये आहे. माणसाचा हक्क माणसानेच सोडावा लागतो.

अब्बांना हे तोंडपाठ होते. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात त्यांची उमर गेली आणि हिशेब हाडात मुरला. चूल आणि कंदील एकाच काडीवर पेटले पाहिजेत, हा घरचा कायदा. दुसरी काडी ओढली की माजघरातून आवाज यायचा, "कारखाना तुझ्या सासऱ्याचा आहे का?" तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.

देणी ते उर्दूत एका लाल वहीत लिहीत. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचे पाणी घरात शिरले. आम्ही टीव्ही माळ्यावर चढवत होतो आणि अब्बा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून वही दुधाच्या पिशवीत बांधत होते. टीव्ही गेला, वही वाचली.

दफन करून आल्यावर ती उघडली. शरियतचा क्रम साधा आहे. मयताच्या मालातून आधी कफनदफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत एक तृतीयांशापर्यंत, आणि उरेल ते वारसांचे. अब्बांचे कर्ज तीन ओळींत संपले. किराणा दुकानदाराचे 340 रुपये, शिंप्याचे 120, आणि शेवटची ओळ अशी: "पंक्चर, 15 रुपये, माणूस गावी गेला." तो माणूस सापडला नाही. देणेकरी सापडत नसेल तर तेवढी रक्कम त्याच्या नावाने सदका करतात, तसे केले. शिंपी मात्र हसून म्हणाला, "मास्तर, उलट मीच त्यांचे दोनशे देणे लागतो." ते दोनशे वहीत कुठेच नव्हते. दिलेले अब्बा लिहीत नसत.

आणखी एक गोष्ट त्यात नव्हती. अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा आपा आठवीत होती, मी पाचवीत. अब्बांनी तिचे नाव शाळेतून काढले. "घरातला एक तरी शिकला पाहिजे," म्हणाले. तो एक मी. माझ्या बी.एड.च्या फीचा पै न् पै हिशेब वहीत आहे. आपाने सोडलेल्या वर्गाची एक ओळही नाही. मोठेपणी मी एकदा विषय काढला, तर अब्बा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण आपा माहेरी आली की तिच्या मुलीची वह्या-पुस्तके स्वतः कव्हर घालून देत. तो पश्चात्ताप होता की नुसती सवय, हे मी विचारले नाही. आता कोणाला विचारणार?

मैदानात मी माफी मागितली तेव्हा समोर पुरुषच होते. घरातल्या बायकांपर्यंत ते वाक्य पोहोचलेच नाही. रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन आपाला तेच सांगितले. ती बराच वेळ भांडी विसळत राहिली. मग म्हणाली, "अब्बा म्हणून माफ केलं. शाळेचं अजून जमत नाही रे. आणि ते त्यांनी विचारायला हवं होतं, तू नाही."

मी तिला समजावायला गेलो नाही. तिचा हक्क आहे, तिने ठेवावा. शिवाय तिच्या देण्याचा निम्मा फायदा माझ्या पगारात येतो, हे मला कळते.

म्हणून वाचकांना एकच सांगणे. जनाजापुढे ते वाक्य बोलणाऱ्याने ते घरी जाऊन आई-बहिणींपुढेही बोलावे. आणि ज्यांना जमेल त्यांनी जिवंतपणीच विचारावे.

अब्बांच्या वहीत शेवटच्या पानावर मी आपाचे नाव लिहिले आहे. रकमेची जागा कोरी आहे. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांची फार आठवण येते, रागही येतो. काल गॅस पेटवताना दुसरी काडी ओढली आणि सवयीने माजघराकडे पाहिले.