‘सर्वांनी लक्ष घालावे’

गणेशोत्सव मंडळाच्या सभेला विषयपत्रिका असली, तरी तिचा क्रम बहुधा चुकलेला असतो. पहिला विषय देखाव्याचा, दुसरा ढोल पथकाचा. त्यावर दोन तास खडाजंगी होते आणि परवानग्या नि वीज हे विषय निघेपर्यंत निम्मी मंडळी चपला शोधत असतात. म्हणून मागचे इतिवृत्त वाचून कायम केले की लगेच ज्या कामांना सरकारी कागद लागतो ते विषय घ्यावेत. देखावा शेवटी ठेवला तरी त्यासाठी सगळे थांबतात, हा माझा अनुभव.

आता इतिवृत्त. आमच्याकडच्या जुन्या वह्यांत हे वाक्य हमखास सापडते: ‘विजेबाबत चर्चा झाली. सर्वांनी लक्ष घालावे.’ म्हणजे कुणीच घालत नाही. कोण काय म्हणाले याची पानेही नकोत. प्रत्येक विषयाखाली ठराव, सूचक, अनुमोदक आणि मग काम, नाव, मुदत, पुरावा एवढे पुरे. पुरावा हा रकाना सहसा कुणी ठेवत नाही, पण ‘अर्ज दिलाय’ आणि ‘अर्जाची पोच वहीत लावलीय’ यांत आठवडाभराचे अंतर असू शकते.

मुदत मात्र चतुर्थीपासून उलटी मोजावी. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला. तात्पुरत्या वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग चाचणी अहवाल लागतो. वायरिंगच झाले नसेल तर तो तपासणार काय? आणि मंडपच उभा नसेल तर वायरिंग कशावर करणार? म्हणजे विजेची तारीख मंडपवाल्याच्या तारखेवर टांगलेली. दोन्ही कामे दोन वेगळ्या पानांवर लिहिली की नेमके हेच दिसत नाही. मग ऐन वेळी शेजारच्या घरातून वायर ओढली जाते, आणि ते धोक्याचे आहे.

२ ऑगस्टच्या सभेचे इतिवृत्त असे संपावे (नावे नमुन्याची):

मंडप परवानगीचा अर्ज: संतोष, ८ ऑगस्ट, पोच.
मंडप उभारणी: महेश, ५ सप्टेंबर, ठेकेदाराची सही.
वायरिंग व चाचणी अहवाल: स्वाती, ८ सप्टेंबर, अहवालाची प्रत. (मंडप लांबला तर महेशने त्याच दिवशी स्वातीला कळवावे.)
वीजजोडणी: स्वाती, ११ सप्टेंबर, मीटर चालू.

एका कामाला एकच नाव. मदतीला हवे तितके. सभेला न आलेल्याच्या गळ्यात काम मारू नये, आधी फोन करून होकार घ्यावा. ही यादी सभा उठण्याआधी मोठ्याने वाचा, आणि नाव आले की त्या माणसाला ‘हो’ म्हणू द्या. ‘बघतो’ म्हणाला तर सचिवांनी तिथेच दुसरे नाव लिहावे.